उडी उतरताना आवाज का येतो?

(आकाशवेळेत झालेलं भाषण, थोडं आवरून)

आज नाचाबद्दल बोलायचं आहे, पण मुद्रा, अभिनय किंवा दागिन्यांबद्दल नाही. बोलायचं आहे ते घोट्याबद्दल, खुब्याबद्दल आणि उडी मारून खाली येणाऱ्या पायाबद्दल. तुमच्यापैकी कित्येकींच्या मुली आता भरतनाट्यम शिकतात. कुणी कामशेतहून, कुणी वडगावहून लोकल पकडून पुण्याकडे जाते, तर कुठे समाजमंदिरातच आठवड्यातून दोनदा वर्ग भरतो. आपल्या मावळाला नाच काही नवा नाही. भाजे लेण्यातल्या विहारात एक बाई वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे असं शिल्प आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. पुढच्या वेळी गेलात तर तिचे पाय बघून या.

भरतनाट्यम म्हटलं की तो मद्रासकडचा नाच, असं आपण समजतो. पण आज जे शिकवतात त्याची घडी तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात बरीचशी बसली. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या दरबारी चार भाऊ होते, पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. शिकण्याचा आणि सादर करण्याचा क्रम त्यांनी लावला. पुण्यात सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या या मराठी रचना पुन्हा रंगमंचावर आणल्या. म्हणजे नाच आपल्याला परका नाही. पण त्यासाठी पाय कसा तयार करायचा, ते घरोघर कुणाला माहीत नसतं.

मी फिजिओथेरपीचं काम करते, आणि लहानपणी सात वर्षं नाच शिकले आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पवना धरणाकडच्या एका गावातून एक बाई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. नाव सांगत नाही. वडील गवंडीकाम करतात, आई बचत गटात आहे. आई आल्या आल्या म्हणाल्या, “ताई, हिचा उजवा पाय सारखा मुरगळतोय. एप्रिलला कार्यक्रम आहे. नाच बंद करायचा का, तेवढं सांगा.”

विचारलं तेव्हा कळलं की पहिल्यांदा पाय मुरगळला तो नाचताना नव्हे, तर जुलैत, भातलावणीच्या वेळी बांधावरून उतरताना. आठवडाभर पट्टी बांधली, सूज उतरली, पोरगी पुन्हा वर्गाला. त्यानंतर वर्गात उडी मारून उतरताना तोच पाय आणखी दोनदा बाहेरच्या बाजूला वळला. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला, असं घरच्यांनी धरलं होतं. इथेच चूक होते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जे बंध असतात, लिगामेंट म्हणतात ते, ते ताणले की दुखणं दोन आठवड्यांत कमी होतं. पण पाय कुठे झुकतोय याची बातमी मेंदूला देणं हेही त्या बंधांचं काम असतं. ती बातमी उशिरा पोचू लागते. बाहेरच्या बाजूला आवर घालणारे पोटरीचे स्नायू उशिरा जागे होतात, तोवर पाय वळलेला असतो. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळायची भीती सगळ्यात जास्त.

पाय मुरगळल्यावर आधी एक गोष्ट बघायची. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबलं की नेमकं हाडावरच दुखतं का? चार पावलंही टाकता येत नाहीत का? दोन्हीतलं एकही असेल तर चोळत बसू नका, एक्स-रे काढा. या मुलीचं तसं काही नव्हतं.

मग मी तिला म्हटलं, कुडित्तमेट्टू करून दाखव. तुमच्या मुली घरी सराव करताना “तै हत तै ही” म्हणतात ना, तेच. गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं, त्याला अरमंडी म्हणतात. तशाच बसलेल्या स्थितीत उडी मारून चवड्यांवर उतरायचं, मग टाचा जमिनीवर मारायच्या. मी डोळे मिटून ऐकत होते. उडी उतरताना धप्प आवाज येत होता, आणि टाचेचा आवाज त्यात बुडून जात होता. खरं तर उलट हवं. चवडे हळू टेकावेत आणि टाच ठणठणीत वाजावी. उतरतानाचा आवाज मोठा, म्हणजे स्नायूंनी वजन पेललं नाही, हाडांवर आणि सांध्यांवर गेलं.

तुम्ही सगळ्या एकवीरेला गेला आहात. पायऱ्या चढताना दम लागतो, पण मांड्या थरथरतात त्या उतरताना, आणि दुसऱ्या दिवशी बसता-उठता येत नाही तेही उतरण्यामुळेच. चढताना स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन धरून ठेवतो, दोर हळूहळू सोडत विहिरीत बादली सोडावी तसा. उडी उतरणं म्हणजे हेच काम, फक्त एका क्षणात. पंचेचाळीस किलोची मुलगी साधी उडी मारून उतरली तरी क्षणभर तिच्या पायांवर वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, उडी उंच असेल तर त्याहून जास्त. आणि अशा उड्या किती? आम्ही तिच्या वर्गाचा हिशोब केला. कुडित्तमेट्टूच्या एका प्रकारात पहिल्या कालात ८ उड्या, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात ३२, म्हणजे ५६. असे चार प्रकार, म्हणजे एका दिवसात २२४. हे एरवी आठवड्यातून दोनदा. कार्यक्रम जवळ आला म्हणून डिसेंबरपासून वर्ग चारदा झाले होते. साडेचारशेच्या एकदम नऊशे उड्या, त्याही सिमेंटच्या कोब्यावर, मुरगळलेल्या पायाने.

पण मी घोट्याला हात लावण्याआधी खुबा पाहिला. पाय बाहेर वळायला हवा तो खुब्यातून. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोबणीत, उखळात मुसळ फिरावं तसं फिरतं. कुणाची खोबण खोल, कुणाची उथळ, आणि ती घडण बदलत नाही. ज्या मुलीचा खुबा कमी वळतो ती शेजारच्या मुलीसारखी दिसायला पाऊल जबरदस्तीने बाहेर फिरवते. पाऊल बाहेर, गुडघा मात्र पुढे. मग तळव्याची कमान खाली बसते, सगळं वजन अंगठ्याच्या बाजूला जातं, आणि उडी मारली की घोटा कुठल्याही बाजूला डुगडुगतो.

हे घरी कळतं. गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून उभं राहायचं, हाताने भिंत धरायची आणि पाय बाहेर वळवायचे. पायमोज्यांमुळे फरशीचा आधार मिळत नाही, त्यामुळे पावलं जिथे थांबतील तेवढंच तुमचं खरं वळण. दुसरी परीक्षा मुलीच्या वडिलांच्या पिशवीतल्या ओळंब्याने केली. ती अरमंडीत बसली आणि गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध दोरी धरली. ओळंबा अंगठ्याशेजारच्या बोटावर यायला हवा होता. डाव्या पायाला आला. उजव्या पायाला अंगठ्याच्याही आत, चांगला दोन बोटं आत पडला. वडील म्हणाले, “भिंत वाकडी आहे.” गवंड्याला ते लगेच दिसलं.

काही ठिकाणी मुलीला जमिनीवर बसवून गुडघ्यांवर दाब देतात, मांडीवर उभंसुद्धा राहतात. ते करू देऊ नका. खोबणीचं हाड त्याने वळत नाही, आतली कड मात्र दुखावते. जे वळण आहे ते स्नायूंनी धरून ठेवता आलं पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे.

पहिले चार आठवडे उड्या पूर्ण बंद केल्या. वर्गाला जा, हात कर, अभिनय कर, ताल दे, पण उडी नाही. तिच्या गुरूंना मी चिठ्ठी लिहिली आणि त्यांनी ऐकलं. घरी एक दिवसाआड व्यायाम दिले.

खुब्यासाठी दोनच. पहिला कुशीवर झोपून. गुडघे वाकवून एकावर एक, टाचा जुळलेल्या. टाचा तशाच ठेवून वरचा गुडघा पुस्तक उघडावं तसा उघडायचा आणि तीन मोजत मिटायचा. एका बाजूला १२, असे तीन वेळा. यात फसवणूक अशी होते की गुडघा जास्त उघडलेला दिसावा म्हणून सगळी कंबरच मागे कलते. म्हणून पाठ भिंतीला टेकवून करायचा. कुल्ल्याच्या बाजूला, मागच्या खिशाच्या जागी शेक लागल्यासारखं वाटलं तर बरोबर. मांडीच्या पुढे ताण आला तर चुकतंय.

दुसरा व्यायाम पायरीवरून. साधारण वीतभर उंच पायरीवर उजव्या पायाने उभं राहायचं, डावा पाय पायरीबाहेर मोकळा. उजवा गुडघा वाकवत तीन मोजेपर्यंत खाली यायचं, डाव्या टाचेने जमिनीला फक्त स्पर्श करायचा आणि वर. आठ वेळा, तीनदा, मग दुसरा पाय. समोर आरसा हवा, नसेल तर आईने उभं राहायचं. कमरेच्या दोन्ही बाजू घागर ठेवता येईल अशा सरळ राहिल्या पाहिजेत. या मुलीची डावी बाजू पहिल्या दिवशी चक्क खाली लोंबली आणि उजवा गुडघा आत आला. म्हणजे उजव्या कुल्ल्याचा बाजूचा स्नायू कंबर धरतच नव्हता. घोटा वळत होता, पण आवर वरून सुटला होता. आईने कमरेला ओढणी बांधून दिली, ती तिरपी झाली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मुलगी चिडायची, पण तिसऱ्या आठवड्यात ओढणी सरळ राहायला लागली.

आता घोटा. भिंतीला बोटं लावून एका पायावर उभं राहायचं, टाच पूर्ण वर, तीन मोजत खाली. तिचा डावा पाय २१ वेळा गेला, उजवा ९ ला थांबला. नाचणाऱ्या पायाला वीस-पंचवीस यायलाच हवेत, आणि दोन्ही पायांत फरक दोन-तीनपेक्षा जास्त नको. इथे एक गोष्ट फार जण विसरतात. पोटरीत दोन स्नायू आहेत. वरचा फुगीर असतो, तो गुडघा सरळ असताना जास्त काम करतो. त्याच्या खालचा चपटा स्नायू गुडघा वाकलेला असतानाही भार घेतो. भरतनाट्यम तर बहुतेक गुडघे वाकवूनच. म्हणून निम्मे व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि निम्मे थोडा वाकवून. सहाव्या आठवड्यात वजन वाढवलं, तेव्हा दप्तरात पाण्याचा पाच लिटरचा कॅन ठेवला. पाच लिटर म्हणजे पाच किलो, वजनकाट्याची गरज नाही.

बाहेरच्या बाजूच्या स्नायूसाठी सायकलची जुनी ट्यूब. तिची पट्टी खाटेच्या पायाला बांधून पावलाच्या बाहेरच्या कडेने ताणायची, गुडघा न हलवता, पंधरा वेळा. आणि तोल. एका पायावर तीस सेकंद, उघड्या डोळ्यांनी. जमलं की डोळे मिटून, दाराची चौकट हाताशी ठेवून. तेही जमलं की चार पदरी घडी घातलेल्या गोधडीवर. डोळे मिटले की ती सहा सेकंदांत डगमगायची. नाचताना कुणी डोळे मिटत नाही हे खरं, पण मान आणि नजर सतत हातामागे फिरत असते, तेव्हा पायाला स्वतःचं स्वतः कळावं लागतं.

तिच्या आईने विचारलं, “एवढं करण्यापेक्षा योग केला तर?” प्रश्न रास्त आहे. आपल्या लोणावळ्यातच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते मोजून बघायला सुरुवात केली. वृक्षासन तोलासाठी उत्तमच, ते जरूर करावं. पण आसनात पाय स्थिर असतो, भार शरीराच्या वजनाइतकाच, आणि काहीही एकदम येऊन आदळत नाही. उडी पेलायला वाढता भार आणि उतरायचा सराव वेगळा लागतो. लवचिक मुलींना तर ताणायचे व्यायाम कमी आणि धरून ठेवायचे जास्त लागतात.

पाचव्या आठवड्यात उडी सुरू केली, तीही आधी खाली येण्यापासून. वीतभर पायरीवरून दोन्ही पायांवर खाली यायचं आणि उतरलेल्या जागी दोन सेकंद गोठून राहायचं. आधी चवडा, मग टाच, त्याबरोबर गुडघे बोटांच्या दिशेने वाकलेले, कंबर किंचित मागे. शेजारच्या खोलीत बसलेल्या आजीला ऐकू येता कामा नये, हा नियम. आजी खरंच कान देऊन बसायच्या. आठ वेळा, तीनदा, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान दोन दिवसांची सुट्टी. मग जागच्या जागी छोट्या उड्या, मग अरमंडीत. आठव्या आठवड्याच्या शेवटी तिने कुडित्तमेट्टूचा एक प्रकार पहिल्या दोन कालांत केला, २४ उड्या. नवव्यात तिन्ही काल, ५६. पुढे दर आठवड्याला एकेक प्रकार वाढवला. पूर्ण बसून उडी मारायचा मंडी अडवू सगळ्यात शेवटी, बाराव्या आठवड्यानंतर, कारण त्यात गुडघा पूर्ण मिटलेला असतो आणि चूक झाली तर सावरायला जागा नसते.

वाढवायचं की थांबवायचं, हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. मांडी, पोटरी भरून आली असेल आणि दोन दिवसांत मोकळी होत असेल तर चालेल. घोटा सुजला, सकाळी पहिली पावलं लंगडत पडली, तर मागच्या आठवड्याच्या आकड्यावर परत. नडगीचं मात्र वेगळं आहे. नडगीच्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखतं ते बहुधा उड्या कमी केल्या की शमतं. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी हाडावर दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. नाच ताबडतोब थांबवायचा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. पहिल्या एक्स-रेमध्ये ती दिसतेच असं नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं चालू असेल तर पुन्हा दाखवा. आणि मुलीची पाळी तीन महिने आली नसेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा. सकाळी चहा-बिस्कीट, लोकल, शाळा, वर्ग, आणि जेवण रात्री नऊला, असं चाललं की शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडांची डागडुजीही मागे पडते. या मुलीच्या डब्यात आम्ही एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे वाढवले, वर्गाच्या तासभर आधी खायला.

जमिनीबद्दल एवढंच. सिमेंटचा कोबा आणि शहाबादी फरशी भार जराही गिळत नाही. फोमची चटई टाकणं हा उपाय नव्हे, तिच्यात पाऊल रुतून घोटा वळतो. समाजमंदिरात वर्ग भरत असेल तर सुताराकडून लाकडी पट्ट्यांवर जाड प्लायवूड ठोकून घ्या, खाली पोकळी राहील असं. तिच्या गावच्या बचत गटाने ते केलं. आणि पावसाळ्यात आपल्याकडे फरशीला ओल सुटते, तेव्हा वर्गाआधी कोरड्या फडक्याने पुसून घेणं हे कुणातरी एकीचं ठरलेलं काम असू द्या.

मार्चच्या अखेरीस तिची परीक्षा परत घेतली. टाच उचलणं डावा २४, उजवा २२. डोळे मिटून तोल पंचवीस सेकंद. ओळंबा दोन्ही पायांना दुसऱ्या बोटावर, पण त्यासाठी तिची पावलं पहिल्यापेक्षा कमी उघडलेली होती. अरमंडी थोडी अरुंद दिसत होती, आणि त्यावर तिच्या गुरूंचं आणि माझं थोडं बोलणंही झालं. शेवटी त्या म्हणाल्या, बसणं खोल राहू दे, पावलं तिची तिच्या मापाने. एप्रिलच्या कार्यक्रमात मी तिसऱ्या रांगेत होते. टाचा नीट वाजत होत्या, आणि उड्या मला ऐकू आल्या नाहीत. या जुलैत ती पुन्हा लावणीला गेली. पायरीचा आणि ट्यूबचा व्यायाम आठवड्यातून दोनदा अजून चालू आहे, असं आईंनी परवा फोनवर सांगितलं. आजी मात्र म्हणतात, आता ऐकू येत नाही म्हणून कान गेलेत की काय अशी शंका येते.